आजीचा अंगठा चालतो का?

प्रश्न: मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी हाडांचा छोटा दवाखाना चालवतो. डिसेंबरमध्ये एक आजी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आली. पोरगं चिंचेवरून पडलं होतं, कोपराच्या वरचं हाड मोडून सरकलं होतं. आई-वडील ऊसतोडीला कर्नाटकात, वडिलांचा फोन बंद. नाडी लागत होती, हात गरम होता. भूल देऊन हाड बसवून तारा घालायच्या होत्या, पण आमचे भूलतज्ज्ञ म्हणाले, "आई-बापाची सही नाही तर मी भूल देणार नाही." शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. मी बरोबर केलं का? आजीची सही किंवा अंगठा कायद्याने चालतो का? आणि चालत असेल तर कागदावर नेमकं काय लिहायचं?

उत्तर: डॉक्टर, पोराला पाठवलंत यात वैद्यकीय चूक नाही. नाडी असलेला, गरम हात पट्टीत नीट बांधून पुढे पाठवता येतो. पण पाठवण्याचं कारण मात्र पटत नाही. "आई-बापाची सही नाही" हे वाक्य आपल्याकडे काउंटरवर, ओटीत, भूलतज्ज्ञांच्या तोंडी इतकं बसलंय, की ते कायद्यातच लिहिलंय असं सगळ्यांना वाटतं. कायदा असा बोलत नाही.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 प्रमाणे नैसर्गिक पालक म्हणजे वडील, आणि त्यांच्यानंतर आई. या "नंतर"चा अर्थ वडील वारल्यावर, असा लावला जायचा. 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो दुरुस्त केला. वडील हजर नसतील, मुलाची काळजी घेत नसतील किंवा घेऊ शकत नसतील, तर आई पालक म्हणून काम करू शकते. म्हणून आई समोर उभी असताना "बापाला बोलवा" म्हणणारी रिसेप्शनिस्ट तुमच्याकडे असेल, तर तिला आजच समजवा. आजी मात्र या यादीत नाही. आजोबाही नाहीत, काका नाही, मामा तर नाहीच.

इथवर तुमच्या भूलतज्ज्ञांचं बरोबर. पण मुलाच्या उपचारापुरता कायदा आणखी एक प्रश्न विचारतो: हे मूल सध्या कोणाच्या सांभाळात आहे? भारतीय न्याय संहितेच्या कलम 27 मध्ये (1 जुलै 2024 आधी हेच भारतीय दंड संहितेचं कलम 89 होतं) बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. त्यासाठी संमती पालकाची हवी, किंवा ज्याच्याकडे मुलाचा कायदेशीर सांभाळ आहे अशा दुसऱ्या व्यक्तीची. तो "किंवा" नीट वाचा. 1890 चा पालक व पाल्य अधिनियमही पालकाची व्याख्या करताना नात्यावर अडून बसत नाही. ज्याच्याकडे मुलाची देखभाल आहे, तो पालक, असं कलम 4 म्हणतं. आई-वडिलांनी दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडताना पोराला आजीच्या स्वाधीन केलं. ती त्याला जेवू घालते, शाळेत धाडते, रात्री कुशीत घेऊन झोपते. ही आजी माझ्या मते कलम 27 मधल्या "दुसऱ्या व्यक्ती"त सरळ बसते.

म्हणजे आजीला अधिकार मिळतो तो ती आजी आहे म्हणून नव्हे, तर मूल तिच्या हवाली आहे म्हणून. नुसतं रक्ताचं नातं कसं पुरत नाही, याचं सगळ्यात ठळक उदाहरण 2008 च्या समीरा कोहली खटल्यात आहे. रुग्ण बाई 44 वर्षांच्या, सज्ञान. तपासणीसाठी भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं. सर्वोच्च न्यायालयाने ती संमती धरली नाही. सख्ख्या आईची सही होती, तरी रुग्णाच्या वतीने बोलायचा हक्क तिला नव्हता. तुमच्याकडे परिस्थिती उलटी आहे: नातं एक पिढी लांबचं, पण सांभाळ प्रत्यक्ष.

म्हणून आजीला पहिला प्रश्न "तुम्ही कोण?" असा न विचारता "पोरगं कधीपासून तुमच्याकडं असतं?" असा विचारा. आई बाजारात भाजी घेतेय म्हणून तेवढ्यापुरतं कडेवर घेऊन आलेली आजी वेगळी, आणि पाच महिने एकटी सांभाळणारी आजी वेगळी. पहिलीच्या बाबतीत दहा मिनिटं थांबायचं आणि आईला बोलवायचं, एवढंच काम. दुसरीच्या सहीला वजन आहे. तिच्या पिशवीत बहुतेक वेळा शिधापत्रिका असते. तिच्यावर आजीचं आणि नातवाचं नाव एकत्र असेल तर झेरॉक्स काढून केसपेपरला लावा. एकाच घरात राहतात याचा एवढा सोपा कागद दुसरा नाही.

आता तुमच्या चिंचेवरच्या पोराकडे येऊ. अशा केसमध्ये काय करायचं हे हातावर ठरतं. मनगटाची नाडी नाही, हात गार, पांढरा पडलाय, नखावर दाबून सोडलं तर रंग परत येत नाही: मग ही तातडी. इथे बापाचा फोन लागेपर्यंत थांबणं हाच गुन्ह्यासारखा प्रकार होईल. संहितेच्या कलम 30 मध्ये (जुनं कलम 92) वेळेत कोणाचीच संमती मिळणं शक्य नसेल तर संमतीशिवायही उपचार करता येतात. पण त्याच कलमात अट आहे, की वेळेत संमती देऊ शकेल असा पालक किंवा सांभाळ करणारा कोणी नसावा. आजी समोर बसलेली असताना "तातडी होती म्हणून विचारलं नाही" हे म्हणता येणार नाही. तातडीतही आधी तिला दोन मिनिटं सांगा, सही घ्या, आणि पोराला आत घ्या.

तुमच्या पोराचा हात गरम होता, नाडी होती. म्हणजे ही तातडी नव्हती, निकड होती. आणि निकडीत आपल्याला एक वेळ आयती मिळते, तिच्याकडे कोणी बघत नाही. पोराने दुपारी भाकरी खाल्ली असेल तर भूल द्यायला साधारण सहा तास थांबायचंच असतं. ते सहा तास म्हणजे संमतीचे सहा तास. फोन याच वेळात लावायचे.

बापाचा फोन बंद असेल. फडावर चार्जिंगची बोंब, रेंजची बोंब. पण मुकादमाचा फोन कधी बंद नसतो! आजीला मुकादमाचा नंबर विचारा, तिला नसेल तर शेजारच्या घरात असतो, कारण त्याच टोळीत त्यांचाही एखादा कोयता गेलेला असतो. मुकादम संमती देऊ शकत नाही, त्याच्याशी ऑपरेशनची चर्चाही करू नका. त्याला एवढंच सांगायचं, की अमक्याच्या आईला किंवा बापाला फोनवर आण. आई मिळाली तर बापाची वाट बघत बसू नका.

फोनवरची संमती कशी घ्यायची, यात बहुतेक जण घाई करतात. फोन आजीच्या हँडसेटवरून, तिने स्वतः लावलेला असावा, म्हणजे पलीकडे कोण आहे याची खात्री होते. स्पीकरवर ठेवा. शेजारी सिस्टर आणि आणखी एक जण ऐकायला हवा. आईला मुलाचं पूर्ण नाव आणि वय विचारा. मग सांगा: हाड कुठे मोडलंय, काय करणार, भूल कोणती, काय बिघडू शकतं, न केल्यास काय होईल. शेवटी तिलाच विचारा, "आता मला सांगा, आम्ही काय करणार आहोत?" तिने तिच्या शब्दांत सांगितलं की झालं. फोन ठेवल्या ठेवल्या त्याच नंबरवर संमतीपत्राचा फोटो पाठवा आणि "मंजूर आहे, नाव अमुक" असा मेसेज मागवा. लिहिता येत नसेल तर आवाजी मेसेजही ठेवण्यासारखा. हा मेसेज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये राहून उपयोग नाही, फोन बदलला की तो गेला. प्रिंट काढून फाइलला लावा, आवाजी मेसेज दवाखान्याच्या संगणकावर जतन करा.

पण फोनवर झालं म्हणून आजीची सही सोडू नका. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांतला 7.16 म्हणतो, की शस्त्रक्रियेआधी अज्ञान मुलाच्या बाबतीत आई-वडिलांची किंवा पालकाची *लेखी* संमती हवी. फोन लेखी नाही. म्हणून दोन्ही जोडायचे: कागदावर आजीची सही, तिच्या खाली आईच्या फोनची नोंद. एक पाय लंगडा असेल तर दुसरा धरतो.

नोंद कशी दिसावी याचा नमुना देतो. नावं तुम्ही घाला.

"दि. 14 डिसेंबर, सायं. 5.40. मुलगा, वय 6 वर्षे (जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून). सोबत वडिलांची आई. मुलगा दिवाळीपासून आजीकडे राहतो. आई-वडील ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात असल्याचे आजी सांगतात. शिधापत्रिकेची प्रत जोडली. डाव्या दंडाचे हाड कोपराच्या वर मोडून सरकले आहे. मनगटाची नाडी लागते, बोटे गरम, नखांचा रंग लगेच परततो. अंगठा व तर्जनीची टोके जुळवून गोल करता येतो. वडिलांचा फोन 5.45 व 6.05 ला बंद. मुकादमामार्फत 6.30 ला आईशी आजीच्या फोनवरून स्पीकरवर बोलणे. सिस्टर व वॉर्डबॉय हजर. भूल, हाड बसवून तारा, न बसल्यास छेद देऊन बसवणे, हात वाकडा राहणे, नस किंवा रक्तवाहिनीला इजा, जंतुसंसर्ग, पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सांगितली. आईची तोंडी संमती. मेसेज 6.52 ला आला, प्रत जोडली. आजीला हेच मराठीत समजावले. आजींचे शब्द: 'हाड सरकलंय, झोपवून तारा घालणार, नाय बसलं तर चिरणार, हात जरा वाकडा राहू शकतो.' आजींचा अंगठा. साक्षीदार: शेजारी, नाव व सही."

यातल्या तीन गोष्टींवर थोडं थांबतो. पहिली म्हणजे आजीचे स्वतःचे शब्द. छापील फॉर्मवर चार ओळींच्या शेवटी "मला सर्व समजले आहे" असतं. आयोगासमोर तक्रारदाराचा वकील विचारतो, "या बाईला वाचता येतं का?" आणि छापील वाक्य तिथेच मरतं. पण "नाय बसलं तर चिरणार" हे वाक्य कोणी छापलेलं नाही हे कोणालाही कळतं. तुमच्या भागात तांड्यावरून येणाऱ्या आजीला गोरमाटीच जवळची असेल, तर समजावून सांगणाऱ्याचं नाव आणि भाषाही लिहा.

दुसरी, "न बसल्यास छेद देऊन". बंद पद्धतीने हाड बसवायची संमती म्हणजे उघडून बसवायची संमती नव्हे. समीरा कोहली खटल्यातला मुख्य मुद्दाच हा होता: तपासायची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि एका शस्त्रक्रियेची म्हणजे दुसरीची नव्हे. पोरगं टेबलावर झोपलेलं असताना बाहेर येऊन आजीला नवी सही मागू नका. कोपराच्या हाडात ही शक्यता आधीच माहीत असते, म्हणून ती आधीच लिहायची. भुलेचं संमतीपत्र वेगळं, आणि ते भूलतज्ज्ञांनी स्वतः आजीशी बोलून घ्यायचं. त्यांनी नकार दिला त्यामागे बहुतेक हेच असावं, की कागद तुम्ही तयार करता आणि भुलेचं काही झालं तर नाव त्यांचं येतं.

तिसरी, अंगठ्याशेजारचा साक्षीदार. तो दवाखान्याचा नोकर नसेल तर बरं. आजीबरोबर जीपमध्ये आलेला शेजारी उत्तम. "निशाणी अंगठा" एवढं लिहून न थांबता अंगठा कोणाचा, कोणत्या हाताचा आणि कोणासमोर घेतला, हे लिहा.

एक चूक माझ्याही हातून झाली आहे, ती सांगतो, कारण तुमच्याकडची सिस्टर ती उद्या करेल. प्रॅक्टिसच्या सुरुवातीची गोष्ट. मुलाचं ऑपरेशन रात्री आठला झालं, बाप दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने आला. सिस्टरने चांगुलपणाने त्याची सही संमतीपत्रावर घेतली, आणि फॉर्मवर आधीच लिहिलेली वेळ होती संध्याकाळी सात. मी बघितलं, "राहू दे" म्हणालो. पुढे बिलावरून वाद झाला, तक्रार झाली, आणि बापाने एसटीचं तिकीट काढून दाखवलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं, पोरगं धावत होतं, पण त्या एका सहीने माझी सगळी फाइल खोटी ठरवली. बाप उशिरा आला तर त्याची सही जरूर घ्या, पण वेगळ्या ओळीवर, खऱ्या वेळेसह: "सकाळी 9.10, काल झालेल्या शस्त्रक्रियेची माहिती दिली."

आता आजीचा हात कुठे पोचत नाही ते. सर्दी-ताप, घसा, सिरप यात संमतीपत्राचा प्रश्न नाही, तिने मुलाला आणलं यातच संमती आली. उलट टोकाला ठरवून करायची कामं: हर्निया, टॉन्सिल, जन्मजात व्यंग. यात मूल आजीकडेच असलं तरी आई-वडिलांपैकी एकाची सही येईपर्यंत थांबा. हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये ते परत येतातच. आई फोनवर स्पष्ट नको म्हणाली, आजी मात्र करा म्हणतेय, आणि जीवाला किंवा अवयवाला धोका नाही, तर आईचं चालतं. आई-बाप वेगळे राहत असतील तर ताब्याचा कोर्टाचा आदेश आहे का हे विचारून लिहून ठेवा. आणि खरी तातडी असताना आजीच नाही म्हणत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत लेखी घ्या आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला किंवा 1098 ला कळवा. माझ्या अनुभवात मात्र असा नकार शेजारी बसून पुन्हा समजावल्यावर बहुतेक वेळा मावळतो. आजी घाबरलेली असते, ती विरोधात नसते.

बारा वर्षांची रेघ विसरू नका. कलम 27 चं संरक्षण बारा *पूर्ण न झालेल्या* मुलापुरतं आहे. तेच हाड चौदा वर्षांच्या पोराचं मोडलं असतं तर आजीच्या सहीला या कलमाचा आधार नाही. कलम 28 बारा वर्षांखालच्या मुलाची संमती मानत नाही, त्यामुळे चौदाच्या पोराचं स्वतःचं म्हणणं महत्त्वाचं होतं. पण सज्ञान तो अठराव्या वर्षीच होतो. म्हणून अशा वयात पोराची स्वतःची सही घ्या, आई-वडिलांची फोनवरून आणि मेसेजवर संमती घ्या, आणि आजीची सोबत म्हणून. तीनही. वय आजीच्या अंदाजावर लिहू नका. "आसंल बारा-तेरा" हे उत्तर पोराची बाजू बदलू शकतं.

हेही लक्षात घ्या, की न्याय संहितेतली ही कलमं फक्त फौजदारी बाजूची ढाल आहेत. नुकसानभरपाईचा दावा वेगळा, तिथे आजीला पुरेशी माहिती दिली का, हेच तपासलं जातं. आणि तो दावा लगेचच येईल असं नाही. अज्ञान मुलाची मुदत मुदत अधिनियमाच्या कलम 6 आणि 8 प्रमाणे तो सज्ञान झाल्यावर धावू लागते आणि पुढे तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते. आजचा सहा वर्षांचा पोरगा एकविसाव्या वर्षी वाकड्या कोपराचा जाब विचारू शकतो. कौन्सिलच्या नियमात नोंदी तीन वर्षं ठेवायच्या आहेत, पण मुलांच्या फाइली त्या हिशोबाने रद्दीत घालू नका. निदान शस्त्रक्रिया झालेल्या मुलांच्या वेगळ्या गठ्ठ्यात बांधून ठेवा.

तुमच्या गावात हे दरवर्षी होणार आहे, म्हणून एक काम ऑक्टोबरमध्येच करून घ्या. टोळ्या निघायच्या आधी आई-वडील लेकरांना घेऊन शेवटचं दाखवायला येतात, तेव्हा साध्या कागदावर हे लिहून घ्यायचं: "आम्ही अमुक, आमची मुले अमुक (जन्मतारखा), ही आम्ही कामानिमित्त बाहेरगावी असताना आजी अमुक यांच्या सांभाळात आहेत. आजारपणात व अपघातात लागणारी तपासणी, औषधोपचार, तातडीची भूल व शस्त्रक्रिया यांसाठी संमती देण्याचा अधिकार आम्ही त्यांना देत आहोत. मुदत 30 एप्रिलपर्यंत. आमचे व मुकादमाचे फोन अमुक." खाली दोघांच्या सह्या किंवा अंगठे, दोन साक्षीदार. नोटरी लागत नाही, केली तर बिघडत नाही. या पत्राने आजी नैसर्गिक पालक होत नाही आणि हर्नियाच्या ऑपरेशनला ते पुरत नाही. पण मूल तिच्या सांभाळात आहे, हे आई-बापाच्या हाताने सिद्ध होतं, आणि कलम 27 ला नेमकं तेच हवं असतं. एक प्रत आजीच्या पिशवीत, शिधापत्रिकेच्या प्लास्टिकमध्ये. एक तुमच्याकडे.

आणि अशा पोराचं ऑपरेशन पुढच्या वेळी तुमच्याकडेच झालं, तर तीन-चार आठवड्यांनी तारा काढायला त्याला बहुतेक आजीच आणेल. तारा ओपीडीत ओढून काढता येतात, भूल लागत नाही, म्हणून कोणी काही लिहीत नाही. पहिल्याच संमतीपत्रात "तारा नंतर काढाव्या लागतील" हे वाक्य असेल तर केसपेपरवर दोन ओळी पुरतात: कोण घेऊन आलं, काय सांगितलं. भूल द्यावी लागली तर मात्र नवा कागद, आणि पुन्हा मुकादमाला फोन.